चॅनल पॅक निवडताना या चुका टाळा: चॅनल नव्हे, रुपये मोजा

गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंनी डिशचं बिल हातात दिलं आणि विचारलं, "अरे, आम्ही बघतो सहाच चॅनल, मग तीनशे रुपये कशाचे?" प्रश्न रास्त होता. त्यांच्याकडे चार पॅक होते: मराठी, हिंदी, लहान मुलांचा आणि खेळांचा. आम्ही वहीत आकडे मांडले, तेव्हा बिल साठ रुपयांनी उतरलं आणि त्यांचं एकही चॅनल गेलं नाही. त्यातल्या बहुतेक चुका घरोघरी होतात, म्हणून इथे लिहितो.

पहिली चूक: पॅकमधली किती चॅनल बघतो, ते मोजणं

"पंधरातली दोनच बघतो, म्हणजे पॅक तोट्याचा" असं आपण पटकन ठरवतो. पण पॅकमधल्या चॅनलांचे दर सारखे नसतात. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या नियमानुसार ज्या चॅनलचा सुटा दर महिन्याला १९ रुपयांपेक्षा जास्त आहे, ते पॅकमध्ये घालता येत नाही. म्हणूनच लोकप्रिय चॅनलांचे दर नेमके १९ वर येऊन थांबलेले दिसतात आणि त्यांच्या सोबतची चॅनल एक-दोन रुपयांची असतात. शिवाय पॅकवर सुट्या दरांच्या बेरजेच्या ४५ टक्क्यांपर्यंतच सूट देता येते.

समजा, एका पॅकमध्ये १९ रुपयांची दोन, ६ रुपयांची तीन आणि १ रुपयाची दहा चॅनल आहेत. सुटी बेरीज ६६ रुपये. पूर्ण सूट दिली तर पॅक ३६ रुपये ३० पैशांना पडेल. तुम्ही फक्त १९ वाली दोन बघत असाल, तर सुटी घेतल्यास ३८ रुपये लागतील. म्हणजे पंधरातली दोनच बघूनही पॅक स्वस्त. याउलट ६ वाली तीन आणि १ वाली दहाही बघत असाल, म्हणजे पंधरातली तेरा, तरी सुटी २८ रुपयांतच मिळतात आणि पॅक महाग ठरतो.

म्हणून बघता त्या चॅनलांच्या सुट्या दरांची बेरीज करा आणि ती पॅकच्या किमतीशेजारी ठेवा. सुटे दर कंपनीच्या अ‍ॅपवर आणि वेबसाइटवर असतात. बघण्याची यादी मात्र आठवणीने करू नका. रिमोटशेजारी कागद ठेवून आठवडाभर घरातल्या प्रत्येकाला लिहायला सांगा. काकूंना वाटत होतं नातू कार्टूनची तीन चॅनल बघतो. कागदावर एकच निघालं.

दुसरी चूक: एकच चॅनल दोनदा घेणं

ही सर्वांत महागात पडते आणि बिलावर दिसतही नाही. पॅक दोन प्रकारचे असतात. काही केबल किंवा डीटीएच कंपनी स्वतः बांधते: मराठी, खेळ, लहान मुलं असे विषयवार. काही वाहिनीसमूह आपल्याच चॅनलांचे बांधतात, त्यांत मालिका, सिनेमा, संगीत सगळं एकत्र असतं. एक विषयवार आणि एक समूहाचा पॅक घेतला की एखादं चॅनल दोन्हींत येतं. दोन्ही पॅकची पूर्ण किंमत लागते, चॅनल दिसतं एकदाच.

काकूंच्या घरी हेच झालं होतं. आकडे सोपे करून मांडतो. मराठी पॅक ३४ रुपयांचा. त्यातली १९, १० आणि १५ ची तीन चॅनल त्या बघतात. सुटी ४४ रुपये, म्हणजे पॅक फायद्याचा. हिंदी समूहाचा पॅक ३६ रुपयांचा. त्यातलं १५ रुपयांचं सिनेमाचं चॅनल बघितलं जातं आणि १९ वालं मराठी चॅनलही त्यात आहे. दोन्हींची बेरीज ३४, म्हणून त्यांना पॅक जवळजवळ वसूल वाटत होता. पण ते मराठी चॅनल आधीच मराठी पॅकमधून येतंय! उरलं १५ चं एक, त्यासाठी ३६ रुपये जात होते. मुलांच्या १८ रुपयांच्या पॅकमधलं ६ रुपयांचं एक आणि खेळांच्या ३८ च्या पॅकमधलं १९ चं एक, एवढंच लागत होतं.

उलटही तपासून बघितलं: मराठी पॅक काढून हिंदी समूहाचा ठेवला तर? तेव्हा १० आणि १५ ची मराठी चॅनल सुटी घ्यावी लागतात, एकूण ६१ रुपये. मराठी पॅक आणि सिनेमाचं सुटं चॅनल मिळून ४९. सहाही चॅनल सुटी घेतली असती तर ८४ लागले असते. एक पॅक आणि तीन सुटी चॅनल, एकूण ७४. आधी चार पॅकचे १२६ जात होते. वाचले ५२ आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी धरून महिन्याला ६१ रुपये ३६ पैसे. सगळं पॅकनेच किंवा सगळं सुटंच घ्यायचं असा हट्ट धरला असता, तर हे जुळलं नसतं.

तिसरी चूक: जाहिरातीतल्या किमतीवर तुलना

चॅनलांच्या पैशांखेरीज एनसीएफ, म्हणजे जोडणीचं मासिक शुल्क असतं. पूर्वी २०० चॅनलांपर्यंत ते १३० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नव्हतं. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही मर्यादा काढली, आता कंपनी स्वतः ठरवते. त्यामुळे एका पॅकच्या किमतीत एनसीएफ धरलेलं असतं, दुसऱ्यात वेगळं लागतं. सुटी चॅनल निवडल्यावर ते किती लागेल, हे आधी विचारा आणि दोन्ही पर्यायांचं करासकट अंतिम बिल समोर ठेवूनच ठरवा. केबलवाला तोंडी आकडा सांगत असेल तर एनसीएफ, चॅनल आणि कर वेगळे दाखवणारी पावती मागा.

एचडीचंही इथेच बघा. एकाच चॅनलची साधी आणि एचडी आवृत्ती एका पॅकमध्ये ठेवता येत नाही, पण साधा पॅक ठेवून वर सुटं एचडी घेतलं की दोन्हींचे पैसे जातात.

बदलानंतर चॅनल गेलं तर

पॅक काढल्यावर हमखास येणारी तक्रार: बातम्यांची चॅनल गायब. ती बहुतेक मोफत असतात, पण जुन्या पॅकसोबत चालू झालेली असतात आणि पॅकबरोबरच बंद होतात. यादीत ती पुन्हा घाला. चॅनलचे वेगळे पैसे लागत नाहीत, फक्त एनसीएफच्या मोजणीत धरली जातात.

नव्याने घेतलेलं चॅनल दिसत नसेल, तर आधी दुसरी चार चॅनल लावून बघा. सगळीच अडत असतील तर दोष डिशचा किंवा वायरचा. एकाच चॅनलवर "सबस्क्राइब केलेलं नाही" असा संदेश येत असेल तर परवानगी बॉक्सपर्यंत पोचलेली नाही. बॉक्स चालू ठेवा, तेच चॅनल लावा आणि कंपनीच्या अ‍ॅपवरून रिफ्रेशची विनंती पाठवा. बॉक्स बंद असताना पाठवलेला रिफ्रेश बऱ्याचदा वाया जातो. काकूंच्या घरी पहिल्यांदा नेमकं तेच झालं होतं, दुसऱ्या विनंतीनंतर थोड्याच वेळात कार्टून सुरू झालं.