गेटवेने पैसे अडवले? पत्र लिहिताना या चुका टाळा

देवगड-रत्नागिरी पट्ट्यात हापूसची आगाऊ नोंदणी फेब्रुवारीतच सुरू होते. ग्राहक पैसे लगेच भरतो, फळ मात्र एप्रिलमध्ये, कधी मे उजाडल्यावर त्याच्या हातात पडतं. वर्षभर जेमतेम चार-दोन पेमेंट येणाऱ्या खात्यात पाडव्याच्या सुमाराला अचानक लाखांची उलाढाल दिसू लागली, की ग्राहकांचे ऑनलाइन पैसे घेणाऱ्या पेमेंट गेटवेचा जोखीम विभाग सेटलमेंट, म्हणजे विक्रेत्याच्या बँक खात्यात पैसे पाठवणं, थांबवतो. कार्डाने पैसे भरलेल्या ग्राहकाला माल मिळाला नाही, तर तो आपल्या बँकेमार्फत रक्कम परत मागू शकतो. याला चार्जबॅक म्हणतात, आणि त्यासाठी साधारण 120 दिवसांपर्यंत मुदत असते. तोवर विक्रेत्याच्या खात्यात पैसे उरले नसतील, तर भुर्दंड गेटवेवर येतो. पैसे सोडवण्यासाठी गेटवेला लिहिलेल्या पत्राने ही धास्ती घालवायची असते. बागेचं कर्ज आणि कामगारांची मजुरी डोक्यावर असताना राग येणं स्वाभाविक आहे, पण जोखीम विभागाला हवा असतो तो माल पोचल्याचा हिशेब.

कारण न विचारताच पत्र धाडणं

आधी डॅशबोर्डवर सेटलमेंटची स्थिती नीट वाचा. रक्कम पाठवली होती आणि बँकेतून परत आली, असं दिसत असेल तर पैसे कुणी अडवलेले नाहीत. बँक खात्यावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव जुळत नसेल, किंवा बँकेच्या विलीनीकरणानंतर आयएफएससी कोड बदलला असेल. तिथे रद्द केलेला चेक आणि नवा कोड दिला की काम होतं.

खरोखरच पैसे अडवले असतील, तर ते कोणत्या कारणाने आणि कोणत्या तारखेपासून अडवले, हे लेखी मागा. हापूस विकणाऱ्यांकडे अनेकदा जीएसटी क्रमांक मागितला जातो आणि विक्रेता गप्प बसतो. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, आणि फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही. हे दोन वाक्यांत लिहून उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र जोडा. मात्र त्याच संकेतस्थळावर आमरसाचे डबे किंवा कोकम सरबत विकत असाल, तर हा खुलासा चालणार नाही.

सगळीच रक्कम मागणं

ही सर्वांत महागात पडणारी चूक. समजा, देवगडच्या एका विक्रेत्याकडे दोन डझनांच्या पेटीच्या 142 ऑर्डर आल्या. पेटी 2,000 रुपयांची, म्हणजे एकूण जमा 2,84,000. तो सरळ लिहितो, ‘माझे 2,84,000 रुपये सोडा.’ तपासणारा माणूस यादी उघडतो आणि त्यात न पाठवलेल्या पेट्याही सापडतात. तिथेच पूर्ण पत्रावरचा विश्वास उडतो.

त्याऐवजी ऑर्डरचे चार गठ्ठे करा. या उदाहरणात 118 पेट्या पोचल्या, 18 अजून निघायच्या आहेत, 4 ऑर्डरचे पैसे परत केले आणि 2 ऑर्डरवर चार्जबॅक आहे. पोचलेल्या 118 पेट्यांचे होतात 2,36,000. गेटवेचं शुल्क 2 टक्के आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी धरला, तर कपात 2.36 टक्के, म्हणजे 5,569.60 रुपये. परत केलेल्या 4 ऑर्डरचंही शुल्क गेटवे सहसा सोडत नाही, त्याचे 188.80. मग आज मागायची रक्कम उरते 2,30,241.60 रुपये. पत्रात हाच आकडा लिहा, पैशांपर्यंत. शुल्काचा दर मात्र स्वतःच्या करारातून घ्या; यूपीआय आणि कार्डाचा दर वेगळा असू शकतो.

मागणीचा परिच्छेद असा लिहिता येईल:

‘सोबतच्या तक्त्यातील 118 ऑर्डरचा माल ग्राहकांना मिळाला असून प्रत्येकीचा पुरावा जोडला आहे. या ऑर्डरचं आणि परतावा दिलेल्या 4 ऑर्डरचं शुल्क वजा जाता 2,30,241.60 रुपये सोडावेत. चार्जबॅक असलेल्या 2 ऑर्डरचे 4,000 रुपये निर्णय होईपर्यंत आपल्याकडे राहण्यास माझी हरकत नाही. उरलेल्या 18 ऑर्डरचे 36,000 रुपये माल पोचल्याचे पुरावे पाठवल्यावर टप्प्याटप्प्याने सोडावेत. यापैकी काही मान्य नसल्यास ऑर्डरनिहाय कारण लेखी कळवावे.’

‘हरकत नाही’ हे वाक्य गाळू नका. वादातली रक्कम आपणहून बाजूला ठेवली की बाकीची अडवून धरायला गेटवेकडे सबळ कारण उरत नाही.

एका पावतीवर वीस पेट्या

कुरियरने माल गेला तर ट्रॅकिंग क्रमांक मिळतो. आपल्याकडच्या पेट्या मात्र एसटी पार्सलने, खासगी ट्रॅव्हल्सने किंवा आंब्याच्या ट्रकने मुंबई-पुण्याला जातात. वीस पेट्यांची एकच पावती असते, तीही हाताने लिहिलेली, ‘आंबा, 20 नग’. दादरला आपला माणूस त्या उतरवून घेतो आणि घरोघरी देतो. या पावतीवरून माल देवगडहून निघाला एवढंच कळतं. कुठल्या ग्राहकाला मिळाला हे कळत नाही.

म्हणून प्रत्येक खेपेचा वाटप-कागद करा. वर पावतीचा क्रमांक आणि तारीख, खाली वीस ओळी: ऑर्डर क्रमांक, ग्राहकाचं नाव, पेटी घेणाऱ्याची सही आणि तारीख. पेटीवर ऑर्डर क्रमांक मार्करने लिहून दारात फोटो काढला तर उत्तमच. सही राहून गेली असेल, तर ‘पेटी मिळाली’ असा ग्राहकाचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश तारखेसकट जोडा. ज्या ऑर्डरचा काहीच पुरावा नाही, ती पोचलेल्यांत मोजू नका, आधी ग्राहकाला फोन करून संदेश मिळवा.

क्रमांक बिघडलेला तक्ता

आपला ऑर्डर क्रमांक गेटवेला ओळखू येत नाही. त्यांच्याकडे शोध लागतो तो त्यांच्या पेमेंट आयडीने, म्हणून तक्त्यात दोन्ही शेजारी-शेजारी हवेत. सोबत पेमेंटची तारीख, रक्कम, माल निघाल्याची आणि पोचल्याची तारीख आणि पुराव्याच्या फाइलचं नाव.

इथे एक्सेल घात करतं. डॅशबोर्डवरून उतरवलेली फाइल थेट उघडली की यूपीआयचा 12 अंकी संदर्भ क्रमांक असा दिसू लागतो:

```
4.12346E+11
```

सुरुवातीला शून्य असेल तर तेही गळतं. पंधरापेक्षा जास्त अंकांचा ट्रॅकिंग क्रमांक असेल तर शेवटचे अंक शून्य होतात, आणि एकदा सेव्ह केल्यावर परत मिळत नाहीत. फाइल आयात करतानाच तो स्तंभ `Text` प्रकारचा ठेवा आणि पाठवण्यापूर्वी पाच-सहा क्रमांक डॅशबोर्डशी ताडून पाहा. ग्राहकांचे पूर्ण फोन नंबर आणि पत्ते तक्त्यात घालायची गरज नाही. नाव, गाव आणि फोनचे शेवटचे चार अंक पुरतात.

पत्र चुकीच्या दारात

चॅटवर दहा तक्रारी टाकल्या की दहा वेगळे क्रमांक पडतात आणि दर वेळी नवा माणूस पहिल्यापासून विचारतो. एकच तक्रार ठेवा, तिच्याच ईमेल साखळीत पत्र आणि तक्ता पाठवा, विषयात तक्रार क्रमांक आणि मर्चंट आयडी लिहा. करारातलं सेटलमेंटच्या मुदतीचं आणि रक्कम रोखण्याचं कलम क्रमांकासह नमूद करा. जाहिरातीतल्या ‘दोन दिवसांत पैसे’ या ओळीवर दावा टिकत नाही. ठरल्या मुदतीत उत्तर आलं नाही, तर तेच पत्र गेटवेच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, पाठवा. ग्राहकांचे पैसे स्वतःकडे घेऊन विक्रेत्याला देणाऱ्या पेमेंट अ‍ॅग्रिगेटरला असा अधिकारी नेमावाच लागतो, आणि त्याचा संपर्क संकेतस्थळावर असतो. ‘पोलिसांत जाईन’ असं लिहिलं की फाइल कायदा विभागाकडे वळते आणि तुमचा तक्ता वाचणारा माणूस हात आखडता घेतो.

उरलेल्या 18 पेट्या निघतील तशा दर खेपेनंतर त्याच साखळीत नवा वाटप-कागद आणि नवा आकडा पाठवत राहा, शेवटची पेटी पोचेपर्यंत.