गच्चीवरचं खत आणि भाजी नेताना या चुका टाळा

सोसायटीतल्या सगळ्यांना नमस्कार. गच्चीवरच्या तीन ड्रमांमधलं खत आणि बागेतली जास्तीची भाजी सर्वांसाठी आहे, आणि ती तशीच राहील. पण गेल्या काही महिन्यांत खत नेलेल्या घरांमधून एकच तक्रार वारंवार आली: "खत घातलं आणि झाड पिवळं पडलं." दोष खताचा नाही, खत नेण्याच्या वेळेचा आहे. म्हणून आधी त्याबद्दलच सविस्तर लिहिते.

बी विंगमधल्या एका काकूंचं उदाहरण घेऊ. जूनच्या सुरुवातीला त्यांनी मधल्या ड्रममधून घमेलंभर खत नेलं. दिसायला ते काळं आणि भुसभुशीत होतं. बारा इंची कुंडीत त्यांनी अर्धी आपली काळी माती आणि अर्धं खत घालून मेथी पेरली. मेथी उगवली, पण विरळ. आठवड्याभरात पानं फिकट झाली आणि शेंडे करपले. काकूंना वाटलं खत कमी पडलं, म्हणून त्यांनी वरून आणखी एक थर दिला. त्यानंतर उरलेली रोपंही बसली.

मी कुंडीत बोट खुपसून पाहिलं, तर आत माती कोमट लागली. वास आंबूस होता आणि मुठीत घेतल्यावर उसाच्या चिपाडाचे धागे स्पष्ट दिसत होते. या तिन्ही खुणा एकच गोष्ट सांगत होत्या, की खत अजून कुजत होतं. कुजवणाऱ्या जिवाणूंना चिपाड आणि सुका पाला पचवायला नत्र लागतं. ड्रममध्ये ते ओल्या कचऱ्यातून मिळतं. कुंडीत ते मातीतलं नत्र ओढून घेतात आणि रोपाला काही उरत नाही, म्हणून पानं पिवळी होतात. शिवाय अर्धवट कुजलेल्या कचऱ्यात आम्लं आणि अमोनिया असतो, त्याने कोवळ्या मुळांची टोकं जळतात. अशा वेळी आणखी खत घातलं की दोन्ही त्रास वाढतात.

उपाय साधा होता. काकूंनी कुंडी गोणपाटावर रिकामी केली, ते मिश्रण सावलीत ओलसर ठेवलं आणि आठवड्यातून एकदा वरखाली केलं. महिनाभरात वास गेला आणि आतली ऊबही गेली. मग त्यात दुप्पट माती मिसळून पुन्हा मेथी पेरली, ती नीट आली. तुमच्या कुंडीत मोठं झाड असेल आणि खत नुसतं वर पसरलेलं असेल, तर तो थर खरवडून काढा, खालची माती हलकेच मोकळी करा आणि थांबा. नवी पानं हिरवी फुटू लागेपर्यंत काहीही घालू नका.

खत तयार आहे का, हे रंगावरून ठरवू नका. ओल्या कचऱ्याचा रंग काही आठवड्यांतच काळा होतो. आपल्या ड्रममध्ये उन्हाळ्यात साधारण अडीच-तीन महिने लागतात, पावसाळ्यात जास्त, आणि त्यानंतर ते महिनाभर नुसतं मुरू द्यावं लागतं. ओंजळभर खत थोडं ओलं करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास आला तर चांगलं. नाकाला झोंबलं किंवा कुजका वास आला तर परत ड्रममध्ये टाका.

तरीही खात्री वाटत नसेल, तर मेथीचे दाणे वापरा. एका कपात नुसती माती आणि दुसऱ्यात निम्मी माती, निम्मं खत, असं घेऊन दोन्हींत दहा-दहा दाणे पेरा. आठवड्याने दोन्हीकडची रोपं मोजा आणि पानांचा रंग पाहा. खताच्या कपात निम्मेच उगवले असतील किंवा पानं फिकट असतील, तर ते खत अजून महिनाभर थांबलं पाहिजे.

तयार खतसुद्धा अर्धी कुंडी भरून घालायचं नसतं. नवी कुंडी भरताना तीन भाग मातीला एक भाग खत पुरतं. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून तिच्यात थोडी वाळूही मिसळा. भरलेल्या कुंडीला दोन मुठी खत, खोडापासून चार बोटं लांब, एवढं बस. नेलेलं खत उन्हात वाळवू नका आणि हवाबंद डब्यात कोंडू नका. गोणपाटात, सावलीत, किंचित ओलसर ठेवा.

यापुढे प्रत्येक ड्रमवर पाटी असेल: "भरतोय", "कुजतोय" किंवा "न्या". "न्या" लिहिलेल्या ड्रममधूनच खत घ्या. मी वर नसले तरी झाकण उघडून दुसऱ्या ड्रममधून घेऊ नका, ही कळकळीची विनंती.

ओला कचरा आणून देणाऱ्यांसाठी थोडंसं. पाणी निथळून आणा. ड्रममध्ये ओतल्यावर तेवढ्याच मापाचा सुका पाला किंवा चिपाड वर टाका. रसवंतीवाल्याकडचं चिपाड तुकडे करून कोपऱ्यातल्या पोत्यात भरून ठेवलेलं असतं. सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर आत हवा नाही, म्हणून काठीने ढवळून सुकं घाला. खारट, तेलकट उरलेली भाजी आणि निर्माल्यातला दोरा नको. जाड, फिकट अळ्या दिसल्या तर फिनेल ओतू नका. त्या कचरा खाणाऱ्या माशीच्या अळ्या आहेत, झाडांना त्यांचा त्रास नाही. फिनेलने मात्र पूर्ण ड्रम वाया जातो.

आता भाजी. वांगी, आंबाडी, दोडके, दुधी टोपलीत ठेवलेले असतात, ते खुशाल न्या. वेलीवरून स्वतः तोडणार असाल तर लाल सुतळी बांधलेल्या झाडाला हात लावू नका. त्यावर निंबोळी तेल फवारलेलं असतं आणि मी आठवडा गेल्यावरच सुतळी सोडते.

दुधीबाबत मात्र कोणीही हयगय करू नये. कडक उन्हात, पाणी कमी पडलं की किंवा घरी धरलेलं बी संकरित झालं की, एखाद्या वेलीचे दुधी कडू निघतात. तो कडूपणा विषारी असतो आणि शिजवून जात नाही. कडू दुधीच्या रसाबद्दल आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीनेही लोकांना सावध केलं आहे. चिरण्याआधी देठाकडची पातळ चकती जिभेच्या टोकाला लावा आणि थुंकून टाका. जरा जरी कडू लागला तर अख्खा दुधी टाकून द्या. मीठ लावून, पिळून किंवा कारल्याच्या रसात मिसळून वापरू नका. कारल्याने कडूपणा झाकला जातो आणि कळत नाही. दोडका आणि काकडीलाही हाच नियम. खाल्ल्यावर उलट्या, जुलाब किंवा पोटात जोरात कळा सुरू झाल्या, तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठा आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगा.

प्रत्येक दुधीच्या देठाला मी वेलीचा क्रमांक बांधते. कडू लागला तर तो क्रमांक त्याच दिवशी मला कळवा, म्हणजे तो वेल उपटून टाकता येईल आणि बाकीच्या घरांना त्याचे दुधी गेले असतील तर सांगता येईल.