शनिवारी समुद्रावर जायचंय? मग वॅक्सिंग बुधवारी

गोव्यात शनिवारी सकाळी कोळव्याला किंवा पाळोळ्याला जायचं ठरलं, की पुष्कळजणी शुक्रवारी रात्री घाईघाईने पायांवरून रेझर फिरवतात. पाय गुळगुळीत लागतात, पण उन्हात पाहिले की पोटरीवर काळपट झाक दिसतेच. रेझर केस कातडीच्या पातळीवर कापतो. उरलेला काळा देठ आतच असतो आणि गोऱ्या किंवा गव्हाळ कातडीतून तो दिसतो. ही झाक घालवायची तर केस मुळापासून निघायला हवा, म्हणजे वॅक्सिंगच.

वॅक्सिंगने मात्र कातडीला त्रास होतो. केस ओढल्यावर त्याचं छिद्र एक-दोन दिवस उघडं राहतं. त्यात खारं पाणी गेलं तर झोंबतं, घाम आणि वाळू गेली तर लाल पुरळ येतं. गोव्याच्या दमट हवेत घाम लवकर सुटतो, त्यामुळे ही जोखीम आणखी वाढते. म्हणून शनिवारच्या सहलीसाठी वॅक्सिंग बुधवारी संध्याकाळी. शुक्रवारपर्यंत लाली उतरते, आणि नवे केस वर यायला अजून अवकाश असतो.

तयारी तीन आठवडे आधीपासून करायची, कारण पट्टीला पकडायला केस साधारण पाच-सहा मिलिमीटर हवेत. तांदळाच्या दाण्याएवढे, असं धरा. तेवढ्या काळात रेझर हाती घ्यायचा नाही. इथेच बऱ्याच जणींचा संयम सुटतो, आणि मग खुंटांवर वॅक्स लावून काहीच निघत नाही. मंगळवारी आंघोळीत मऊ कापडाने पाय हलके चोळा, मृत कातडी निघेल. बुधवारी तेल किंवा लोशन काही लावू नका. वॅक्स चिकटत नाही.

बुधवारी पाय धुऊन पूर्ण कोरडे करा आणि घाम शोषायला टाल्कम पावडरचा पातळ हात फिरवा. पंखा चालू ठेवा. वॅक्स मनगटाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून पाहा. उबदार लागलं पाहिजे, चटका नको. केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने पातळ थर द्या, पट्टी दाबा, आणि एका हाताने कातडी ताणून धरून पट्टी उलट दिशेने, कातडीला समांतर, एका झटक्यात ओढा. वर उचलून ओढली की केस तुटतो. नडगीवर दिशा सरळ खाली असते, पण पोटरीच्या मागे आणि हाताच्या बाहेरच्या बाजूला केस तिरपे असतात, म्हणून तिथे पट्ट्या छोट्या घ्या. एकाच जागी दोनदाच, तिसऱ्यांदा नको. उरलेले दोन-चार केस चिमट्याने काढा.

पहिली पट्टी ओढल्यावर उजेडात पाहा. केसाच्या टोकाला फिकट, किंचित फुगीर मूळ दिसलं तर काम बरोबर चाललंय. टोकं बोथट दिसली तर केस तुटतायत, आणि तुटलेला केस कातडीखालूनच पुन्हा काळा दिसेल. अशा वेळी थर जास्त जाड किंवा गार झालाय का, ओढण्याची दिशा चुकतेय का, ते तपासा.

नंतर गार पाण्याने धुऊन, सुगंध नसलेलं लोशन किंवा साधं कोरफडीचं जेल लावा. दोन दिवस समुद्र, स्विमिंग पूल, कडक ऊन आणि घट्ट जीन्स टाळा. सैल सुती कपडे घाला. पहिल्या दिवशी बारीक लाल ठिपके येणं ठीक आहे. तिसऱ्या दिवशीही पू असलेले फोड दिसले, लाली पसरत गेली किंवा ताप आला, तर डॉक्टरांना दाखवा. शनिवारी निघण्याआधी एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन लावा, पाण्यातून आल्यावर पुन्हा लावा, आणि घरी पोचताच गोड्या पाण्याने मीठ धुऊन टाका.

मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा हल्लीच बंद केल्या असतील, तर वॅक्स नकोच, कातडी सोलली जाते. पायांवर रेटिनॉल किंवा रेटिनॉइडचं क्रीम लावत असाल तरी तोच धोका.

आणि शुक्रवार उजाडला, काहीच झालेलं नाही, तर? पाय कोमट पाण्यात पाच मिनिटं भिजवा, जेल लावून नव्या ब्लेडने केसांच्याच दिशेने एकदाच फिरवा. उलट फिरवलं तर जास्त गुळगुळीत होतं खरं, पण रॅशही त्याच्यानेच येते. थोडी झाक राहील. हातांवर मात्र रेझर नको: ट्रिमरने तीन मिलिमीटरवर आखूड केलेले केस काळ्या खुंटांपेक्षा कमी उठून दिसतात.