स्किनकेअर बॉक्स काढताय? आधी या चुका टाळा

कोकमाच्या मुठेलाचा, म्हणजे बियांच्या घट्ट तेलाचा बाम, क्रीम आणि उटणं असा बॉक्स मी रत्नागिरीहून पाठवते; सुरुवातीला दर महिन्याला पाठवायचे. नवं कुणी सल्ला विचारायला आलं, की हिशेब एकच असतो: "ताई, ५९९ ला विकणार, माल २२० चा. ३७९ सुटतात." नाही सुटत.

किंमत करासकट असेल तर क्रीमवरच्या १८ टक्के जीएसटीचे ९१ रुपये आपले नव्हेतच. उरलेल्या ५०८ मधून माल २२०, खोका आणि कागद ५०, कुरिअर १३०, ऑनलाइन पैसे घेण्याचा खर्च १२, फुटक्या बाटल्यांच्या बदलीचे १५. हातात ८१. माझे आकडे हेच होते आणि मी खूश होते, कारण १०० गिऱ्हाइकं मिळाली होती. पण जाहिरात आणि पहिल्या बॉक्सवरची सूट धरून प्रत्येकीमागे ३०० रुपये गेले होते. म्हणजे ती निदान चार महिने टिकायला हवी. दुसऱ्या महिन्यात ७० उरल्या, मग ४९, ३४, २२, १२ आणि तिथे मी बॉक्स थांबवला. एकूण बॉक्स गेले २८७. त्यांतून आले २३,२४७ आणि गिऱ्हाइकं आणायला गेले होते ३०,०००. माझी मजुरी तर धरलेलीच नाही.

का सोडलं, ते मी फोन करून विचारलं. बहुतेकींचं उत्तर एकच: "आधीचंच संपलं नाही." ५० मिलीचं क्रीम चेहऱ्याला सहज दीड-दोन महिने पुरतं. आता मी बॉक्स दोन महिन्यांनी पाठवते. नवी वस्तू ठरवण्याआधी ती घरातल्या चौघींना वापरायला देते आणि डबी कधी रिकामी झाली ती तारीख वहीत लिहिते. हे टाळून थेट छपाईला जाणाऱ्यांची घाई मला कळत नाही.

दुसरी चूक म्हणजे मोठा, देखणा खोका. माझा २५×२०×१२ सेंमीचा होता. कुरिअरवाले सहसा लांबी, रुंदी आणि उंचीच्या गुणाकाराला ५००० ने भागतात आणि खऱ्या वजनापेक्षा ते जास्त भरलं तर त्याचेच पैसे लावतात. आत साडेचारशे ग्रॅम माल, बिल १.२ किलोचं! २०×१५×६ च्या खोक्यात तोच माल बसला आणि कुरिअर ७० वर आलं. तेव्हाच हे केलं असतं, तर त्याच २८७ बॉक्सांवर तोट्याऐवजी दहा हजार उरले असते.

उन्हाळ्यात मुठेल वाटेत वितळतं आणि पुन्हा थिजताना रवाळ होतं. एप्रिल-मेमध्ये बाम पाठवू नका. पावसाळ्यात उटणं कागदी पुडीत नको, गुठळ्या होतात.

आणि विकायला क्रीम घरी बनवणार असाल, तर उत्पादनाचा परवाना आधी, खोक्याचं डिझाइन नंतर.