बुद्धिबळात उमेदवार चालींची यादी कशी करावी

भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळ सुरू केलं, आणि तेव्हापासून इथे घराघरात पट आहेत. तरी सुट्टीतल्या स्पर्धेत पहिल्या फेरीला पटांशेजारून फिरलं की एक दृश्य हमखास दिसतं: फुकटचं प्यादं दिसलं की मुलाचा हात उचललाच. मग बाहेर पालक सांगतात, "नीट विचार करून खेळ." हा सल्ला कुचकामी आहे. कशाचा विचार करायचा आणि कोणत्या क्रमाने, हे त्यात कुठेच नाही.

पट मांडून या चाली खेळा.

```
1. e4 e5
2. Nf3 Nc6
3. Bc4 Nd4
```

आता पांढऱ्याची चाल. काळ्याचा घोडा डी४ वर आला, त्यामुळे ई५ चं प्यादं उघडं पडलंय. घोड्याने ते मारावंसं वाटणारच. हात मांडीवर ठेवा आणि उमेदवार चालींची, म्हणजे विचारात घेण्याजोग्या चालींची, यादी करा. यादी पुरी होईपर्यंत एकाही चालीचा पुढचा हिशेब करायचा नाही.

आधी शह. इथे एकच आहे: उंटाने एफ७ चं प्यादं मारून.

मग मार. तोच उंट, शिवाय घोड्याने ई५ किंवा घोड्याने डी४.

मग शांत चाली: सी३, कॅसलिंग, डी३. सहा चाली झाल्या, पुरे.

यादी इथपर्यंत बहुतेकांना जमते. अडतं पुढे. प्रत्येक चालीनंतर पट फिरवून समोरच्याची यादी करायची असते, आणि तिथे लोक शह आणि मार बघून थांबतात. घोडा ई५ वर गेला असं धरा. काळ्याकडे शह दोनच, घोडा एफ३ वर किंवा सी२ चं प्यादं मारून, आणि दोन्हींत त्याचा घोडा जातो. मार म्हणाल तर तेच सी२. म्हणजे सगळं सुरक्षित? नाही. काळा वजीर जी५ वर आणतो. ही चाल ना शह आहे ना मार, पण तिने ई५ चा घोडा आणि जी२ चं प्यादं एकदम धरलं.

ती दिसत नाही याचं कारण ठरलेलं आहे. आपण मोहरा कुठे गेला ते बघतो, त्याने काय सोडलं ते बघत नाही. हाच घोडा एफ३ वर असताना जी५ ची राखण करत होता. उंट एफ१ सोडून सी४ वर गेला तेव्हा जी२ ची राखण गेली. म्हणून यादीतल्या प्रत्येक चालीला दोन प्रश्न विचारा: हा मोहरा उठला की कोणती घरं मोकळी पडतात, आणि समोरच्याचा वजीर, हत्ती किंवा उंट तिथे पोहोचतो का? काळ्याचं ई प्यादं पहिल्याच चालीत पुढे गेल्यामुळे वजिराची डी८ ते जी५ ही तिरकी वाट उघडी आहे.

हा प्रश्न चुकला की पुढे घसरण वेगाने होते. वजीर जी५ ला आला की पांढऱ्याला पुन्हा 'छान' चाल दिसते: घोडा एफ७ वर, वजीर आणि हत्ती दोन्हींवर हल्ला. काळा वजिराने जी२ मारतो. हत्ती वाचवायला एफ१ वर न्यावा, तर वजीर ई४ मारून शह देतो. उंट ई२ वर आडवा घातला की काळा घोडा एफ३ वर येतो आणि मात. उंट वजिरामुळे जखडलेला, त्यामुळे घोडा मारता येत नाही, आणि राजाला घर नाही. इथेही पाचव्या चालीला यादी केली असती तर शहाच्या रकान्यात उंटाने एफ७ दिसलं असतं. त्यानंतर कॅसलिंग केलं तर एक मोहरा जातो, पण दोन प्यादी मिळतात आणि काळा राजा मध्येच अडकतो. डाव जिवंत राहतो.

आता चौथ्या चालीच्या यादीकडे परत या. घोड्याने ई५ खोडा. उंटाने एफ७ हा हिशेब लांब जातो, तो शेवटी ठेवा. सी३ मध्ये घोड्यावर प्यादं येतं. त्याने एफ३ वर मारामारी केली की आपला वजीर एफ३ वर येतो आणि एफ७ वर मातेची धमकी उभी राहते. घोड्याने डी४ मारलं तर काळ्याची डी प्यादी एकामागे एक होतात, आणि आपण लगेच कॅसलिंग करून पुढे. दोन्ही चाली चांगल्या. डी४ चा मार जास्त सोपा, नवशिक्याने तोच खेळावा.

उमेदवार चालींची ही कल्पना सोव्हिएत ग्रँडमास्टर अलेक्झांडर कोटोव यांच्यामुळे रूढ झाली. प्रत्येक फांदी एकदाच तपासा, हा त्यांचा आग्रह मात्र डावात पाळू नका. दुसरी चाल तपासताना नवी कल्पना सापडली की पहिलीकडे परत जावंच लागतं.

घरी सराव करताना वहीत शह, मार आणि शांत असे तीन रकाने पाडा. पाच मिनिटांत यादी लिहा, मगच हिशेब. स्पर्धेत ही सोय नाही, खेळण्याआधी चाल लिहून ठेवायला नियमाने मनाई आहे. तिथे यादी समोरच्याच्या वेळात मनात करा. त्याने मोहरा मारला आणि तुम्हाला उलट मारण्यावाचून पर्याय नसेल, तर यादीत वेळ घालवू नका.