वीस वेढ्यांच्या स्प्रिंगमध्ये एकविसावी तार: बॉडीची आणि हूकची लांबी काढताना

डिप्लोमा संपवून मी वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या स्प्रिंग कारखान्यात लागलो. पहिल्याच महिन्यात माझ्याकडे पेरणी यंत्राचा लिव्हर मागे खेचणाऱ्या टेन्शन स्प्रिंगचे काम आले. ड्रॉइंगमध्ये २ मिमी तार, १६ मिमी बाहेरचा व्यास आणि एका हूकच्या आतल्या कडेपासून दुसऱ्या हूकच्या आतल्या कडेपर्यंत ६६ मिमी मोकळी लांबी दिली होती. वेढ्यांची संख्या मात्र आम्हीच काढायची होती.

मी सोपा हिशेब केला. वेढे एकमेकांना चिकटलेले असल्याने २० वेढ्यांची बॉडी ४० मिमी होईल. बाहेरच्या व्यासातून दोन तारा वजा केल्या की आतला व्यास १२ मिमी उरतो, आणि पूर्ण गोल हूकची लांबी साधारण तेवढीच धरली जाते, म्हणून दोन हूकांचे २४ मिमी. बेरीज ६४ आली, दोन मिमी कमी पडले, म्हणून मी एक वेढा वाढवून मशीनवर २१ लावले. पहिला नग हातात आला तेव्हा लांबी ६८ भरली. मशीनच चुकले, अशी माझी पहिली समजूत झाली, आणि ती आता आठवली की हसू येते.

आमचे फोरमन, ज्यांना सगळे मामा म्हणत, त्यांनी मला स्प्रिंग आडवी धरून एका बाजूने तारा मोजायला लावल्या. २१ वेढ्यांच्या स्प्रिंगमध्ये एका सरळ रेषेत २२ तारा दिसत होत्या. कारण साधे आहे: तारेचा मध्य एका वेढ्यात तारेच्या व्यासाइतका पुढे सरकतो, त्यामुळे पहिल्या तारेच्या मध्यापासून शेवटच्या तारेच्या मध्यापर्यंतचे अंतर वेढे गुणिले व्यास इतके असते, पण बॉडी मध्यापासून नव्हे, तर बाहेरच्या कडेपासून मोजली जाते, आणि दोन्ही टोकांना अर्धी-अर्धी तार, म्हणजे एकूण एक व्यास, जास्त येतो. म्हणून:

बॉडीची लांबी = तारेचा व्यास × (वेढे + १)
हूकच्या आतून मोकळी लांबी = बॉडी + २ × आतला व्यास

या हिशेबाने २० वेढ्यांना २ × २१ = ४२ मिमी बॉडी, त्यात २४ मिळवून नेमके ६६ होतात. उलट जायचे असेल तर ६६ मधून २४ वजा करा, २ ने भागा आणि एक कमी करा. हूकमध्ये वळलेली तार वेढ्यांत मोजायची नाही. दुसरे सूत्र फक्त पूर्ण गोल हूकसाठी आहे; लांब मानेचा किंवा अर्धा हूक असेल तर त्याची लांबी ड्रॉइंगवरूनच घ्यावी लागते.

दोन मिमीने काय बिघडते, हे मी मुद्दाम विचारले होते. यंत्रात ही स्प्रिंग ८० मिमीपर्यंत ताणलेली बसते. ६६ ची स्प्रिंग १४ मिमी ताणली जाते आणि दर मिमीला सुमारे २.८ न्यूटन या दराने ३९ न्यूटन ओढ देते. माझी ६८ ची स्प्रिंग फक्त १२ मिमी ताणली जाते, एक वेढा जास्त असल्याने थोडी मऊही होते आणि जेमतेम ३२ न्यूटन देते. वेढे एकमेकांवर दाबून गुंडाळल्याने येणारा सुरुवातीचा ताण दोन्हींत याशिवाय मिळतो, पण त्याने फरक भरून निघत नाही. लिव्हर अर्ध्यावर अडकू शकतो, एवढे त्यातून स्पष्ट होते.

लांबी थोडी कमी पडली की नवखा माणूस पाव वेढा वाढवू पाहतो. पाव वेढ्याने बॉडी अर्धा मिमी वाढते खरी, पण त्याबरोबर दुसरा हूक ९० अंशांनी फिरतो, आणि एका रेषेत असायला हवे असलेले हूक काटकोनात येतात. हूकांची दिशा ठरलेली असेल तर वेढे जागेवर ठेवून उरलेली दुरुस्ती हूकच्या वळणात करावी लागते. आमच्या पहिल्या दुरुस्त नगात हूक १२ ऐवजी ११.६ मिमी निघाले होते, आणि ०.८ मिमीचा तो फरक आम्ही वळवण्याचे टूल बदलून काढला.

तारेवर छापील व्यासाचा भरवसा ठेवू नये, मायक्रोमीटरने मोजावे. तार १.९८ मिमी निघाली तर २१ ने गुणल्यावर बॉडी ४१.५८ होते, म्हणजे तारेतली दोन शतांश मिमीची उणीव बॉडीत जवळजवळ अर्ध्या मिमीची होते.

मोजणीची आमची पद्धत अशी आहे: दोन्ही हूकांत एकेक पिन घालायची, पिना हूकच्या आतल्या टोकांना टेकतील इतकेच हलके ओढायचे आणि पिनांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर व्हर्निअरने घ्यायचे. वेढ्यांमध्ये फट दिसू लागली तर ओढ जास्त झाली, तो आकडा सोडून द्यायचा. हूकच्या बाहेरून मोजणारा मात्र ७० लिहून आणतो, कारण त्यात दोन तारांचे ४ मिमी शिरलेले असतात. ग्राहकाचा आकडा आपल्याशी जुळत नसेल आणि फरक बरोबर दोन तारांइतका असेल, तर मी आधी त्याने कुठून मोजले हेच विचारतो.