पॅलेटवर बॉक्स किती बसतील, गाडी यायच्या आधीच काढा

शिरोलीतनं गुळाचे बॉक्स पॅलेटवर पाठवणार असाल तर हे बघून घ्या. आपल्याकडं जास्त चालणारं पॅलेट 1200 बाय 1000 मिमी, आणि बॉक्स 400 बाय 300 असेल तर एका थरात बरोबर 10 बसतात, म्हणजे एक ओळ 4 आडव्या बॉक्सची आणि दोन ओळी 3-3 उभ्या.

उंची मात्र गाडीच्या आतली नाही, दाराची मोजा, तिथंच अडकतं. दार 2100, त्यातनं पॅलेटचे 150 आणि फोर्कलिफ्टनं उचलायला 100 वजा केले की 1850 उरतात, बॉक्स 250 उंच असला तर 7 थर, म्हणजे 70 बॉक्स. पण 20 किलोचा बॉक्स असेल तर खालच्यावर 120 किलो येतात, तो फुगायला लागला की थर कमी करा.